मेंडेलना बोलतं करताना

आठवी-नववीच्या मुलांसमोर सादर करायला मला एक काल्पनिक मुलाखत लिहायची होती. पाहुणे निवडले फादर ग्रेगर मेंडेल. ब्रनोच्या मठाच्या बागेत त्यांनी १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्यांचे संकर केले.

पहिल्या खर्ड्यात माझे मेंडेल ऐटीत सांगत होते, "मी जीनचा शोध लावला." मैत्रिणीने वाचता वाचताच थांबवलं. मेंडेल वारले १८८४ मध्ये, आणि 'जीन' हा शब्द आला १९०९ मध्ये! मग मी एक नियम केला: निवेदिकेला आजचं सगळं ठाऊक, पाहुण्यांना मात्र त्यांच्या हयातीतलंच. त्यामुळे एक गंमत झाली. माझे मेंडेल आता आयतं उत्तर देईनात, हाताने केलेलं काम सांगू लागले.

निवेदिका : फादर, गोल आणि सुरकुतलेल्या वाटाण्यांचा संकर केलात. पुढे काय झालं?

मेंडेल : सगळे दाणे गोल. सुरकुत्या गेल्या असंच वाटलं. पण ते दाणे पेरून आलेल्या रोपांना आपापलंच परागण होऊ दिलं, तेव्हा सुरकुतलेले दाणे परत दिसले. म्हणजे तो गुण नाहीसा झाला नव्हता, फक्त झाकला गेला होता.

निवेदिका : किती परत आले?

मेंडेल : एकूण ७,३२४ दाणे मोजले. ५,४७४ गोल, १,८५० सुरकुतलेले. साधारण तीनास एक.

निवेदिका : बाप रे! एकाच रोपाचे मोजले असते तर नसतं चाललं?

मेंडेल : फसलो असतो. एका रोपावर ४३ गोल आणि फक्त २ सुरकुतलेले निघाले. दुसऱ्यावर १४ आणि १५! मी तिथेच थांबलो असतो तर तुम्हाला काय सांगितलं असतं?

हा प्रश्न मी मुद्दाम मुलांकडे तोंड करून विचारायला ठेवला आहे. 'तीनास एक' पाठ करणाऱ्या मुलांना प्रत्येक शेंगेत तीन गोल आणि एक सुरकुतलेला दाणा असणार असं वाटतं. मलाही शाळेत तसंच वाटायचं.

शेवट मात्र अडला. म्युनिकच्या नेगेली या वनस्पतिशास्त्रज्ञाशी मेंडेल पत्रव्यवहार करत. हॉकवीड या रानफुलाच्या झाडांवरही त्यांनी संकर केले, पण तिथे तीनास एक काही येईना. संकराची पिल्लावळ जशीच्या तशी! ही झाडं बहुधा फलन न होताच बी धरतात, हे मेंडेलना माहीत नव्हतं. निवेदिकेला माहीत आहे. तिने सांगावं का? सांगितलं तर माझा नियम मोडतो. म्हणून ती मुलांकडे वळून हळूच सांगते आणि मग पाहुण्यांना विचारते :

निवेदिका : फादर, मग वाटाण्याचं चुकलं का हॉकवीडचं?

मेंडेल : वाटाणे मी मोजलेत, बाई. हॉकवीडचं मला अजून कळलेलं नाही.