जुन्या गाडीची नवी पाटी: लासुर्ण्याहून बुकिंग करताना

माझ्या चुलत्यांची मोटारसायकल 2013 सालची. लासुर्ण्याच्या वस्तीवरून उसाला पाणी धरायला, दूध घालायला आणि बाजाराला बारामती-इंदापूर रस्त्यानं जायला हीच गाडी. मागच्या पाटीवर 4141 हा नंबर मराठी आकड्यांत 'दादा' वाचला जाईल असा रंगवून घेतलेला. आपल्याकडे असे नंबर हौसेनं घेतात आणि 214 चा 'राम', 8055 चा 'बॉस' करतात. नंबर आवडीचा घ्यायला कायद्याची हरकत नाही, तो वेगळ्या वळणानं लिहायला मात्र आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम 50 प्रमाणे अक्षरं इंग्रजी कॅपिटल आणि आकडे इंग्रजी हवेत, आणि नियम 51 त्यांची उंचीही ठरवतो. मोटारसायकलच्या मागच्या पाटीवर अक्षरं 35 मिलिमीटर, आकडे 40 मिलिमीटर, चारचाकीला दोन्ही 65. तिरकी, जोडलेली, सावली दिलेली किंवा लहानमोठी अक्षरं यात बसत नाहीत. नंबरच्या पाटीवर जात, पद, पक्ष, देवाचं नाव हेही नको.

1 एप्रिल 2019 नंतर नोंदवलेली गाडी शोरूममधूनच उच्च सुरक्षा पाटी, म्हणजे एचएसआरपी, लावून मिळते. त्याआधीच्या गाड्यांना राज्यात ती बसवून घ्यावी लागते. 2025 मध्ये मुदत अनेकदा वाढली, म्हणून बऱ्याच जणांनी 'पुढं बघू' म्हटलं. चुलतेही त्यातलेच.

आम्ही केलं ते क्रमानं सांगतो. आधी आरसी बुक आणि मोबाईल हाताशी घेतला. संकेतस्थळ एकच वापरायचं: transport.maharashtra.gov.in. गुगलवर शोधून वर येणाऱ्या दुव्यावर बोट ठेवू नका, कारण पाटीच्या नावानं पैसे उकळणारी खोटी संकेतस्थळं आहेत. पत्ता स्वतः टाइप करा. तिथं एचएसआरपी बुकिंगमध्ये कार्यालय विचारतात. इंदापूर तालुका बारामतीच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाखाली येतो, म्हणून MH-42 बारामती निवडायचं. गाडी पुण्याची MH-12 असली तरी ती इथंच फिरत असेल तर बारामतीच निवडता येतं. पुढं त्या विभागासाठी नेमलेल्या कंपनीच्या पानावर आपोआप जाता.

मग गाडीचा नंबर, चेसिस आणि इंजिन नंबरची शेवटची पाच अक्षरं आणि मोबाईल क्रमांक टाकायचा. इथंच आमचं अडलं. चुलत्यांनी आरसीवरून वाचलं आणि 'माहिती जुळत नाही' असं येत राहिलं. आरसीवरचा छाप पुसट होता, आठ की बी ते कळेना. शेवटी रॉकेलच्या फडक्यानं हँडलच्या मानेचा भाग पुसला, बॅटरीचा उजेड पाडला आणि कोरलेला चेसिस नंबर वाचला. बी होता. सतरा अक्षरांच्या चेसिस नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, हे लक्षात ठेवलं तर निम्मे घोटाळे मिटतात. गोल दिसला की तो शून्य. इंजिन नंबर इंजिनच्या बॉडीवर खाली असतो, त्यावर चिखल आणि ऑइलचा थर बसलेला असतो. तोही पुसून पाहा.

एवढं करूनही जुळत नसेल तर चूक संगणकातल्या नोंदीत आहे. फार जुन्या गाड्यांची नोंद तर कधी कधी ऑनलाइन चढलेलीच नसते. मग दुसऱ्यांदा पैसे भरून पाहण्यात अर्थ नाही. आरसी, विमा आणि आधार घेऊन बारामतीच्या कार्यालयात जा, नोंद दुरुस्त करून घ्या, मग बुकिंग करा. गाडी वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल तर आधी नावबदल होईल का, हेही तिथंच विचारा. कारण पाटीशिवाय मालकी बदल, बँकेचा बोजा उतरवणं यांसारखी कामं अडवली जातात.

दुचाकी आणि ट्रॅक्टरला 450 रुपये, तीनचाकीला 500 आणि चारचाकीसह बाकीच्या गाड्यांना 745. त्यावर 18 टक्के जीएसटी. म्हणजे दुचाकीला 531, चारचाकीला 879 रुपये 10 पैसे. पैसे ऑनलाइनच भरायचे, आणि बसवणाऱ्यानं वर काही मागितलं तर द्यायचं नाही. केंद्र, तारीख आणि वेळ निवडल्यावर मिळणारी पावती मोबाईलमध्ये जपा. पाटी येईपर्यंत रस्त्यात अडवलं तर दाखवायला तीच कामाची.

पाटी बसवताना तिथंच उभं राहून तपासा. डाव्या कोपऱ्यात वर अशोकचक्राचा होलोग्राम हवा, त्याच बाजूला निळ्या रंगात IND, खाली लेझरनं कोरलेला दहा अंकी क्रमांक. पुढच्या आणि मागच्या पाटीवरचे हे क्रमांक वेगवेगळे असतात. नखानं होलोग्राम खरवडून पाहा, चिकटवलेला असेल तर निघून येईल. मागची पाटी साध्या नटबोल्टानं लावली तर घेऊ नका. तिला स्नॅप लॉक हवं, एकदा बसलं की तोडल्याशिवाय निघत नाही असं. चारचाकीला काचेच्या आतून लावायचा तिसरा स्टिकरही मागून घ्या. पेट्रोल-सीएनजीला निळा, डिझेलला नारिंगी. काच फुटली आणि बदलली तर हा स्टिकर पुन्हा मागवावा लागतो, पाटी नव्हे.

पाटीवर ॲक्रिलिकची काच, चकचकीत फ्रेम किंवा जाळी लावू नका. पावसाळ्यात रानातून रस्त्यावर येताना चिखल उडून नंबर झाकला असेल तर आधी पुसा.

पाटी चोरीला गेली किंवा कुठं पडली, तर रंगवणाऱ्याकडून तात्पुरती करून घेणं हा सर्वांत महागात पडणारा उपाय. आधी पोलिस ठाण्यात तक्रार द्या, प्रत घ्या आणि त्या प्रतीसह हरवलेल्या पाटीच्या बदल्यात नवी पाटी मागवा. तक्रारीचा खरा उपयोग पुढं होतो. तुमची पाटी दुसऱ्याच्या गाडीवर लागली आणि कॅमेऱ्याचं चलान तुमच्या नावावर आलं, तर तारखेसह दाखवायला तोच कागद असतो. तुटलेली पाटी मात्र टाकू नका, बदलताना ती जमा करावी लागते.

आता दंड. आकडा कोणत्या कलमाखाली कारवाई होते त्यावर ठरतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 177 खाली नियमभंगाला पहिल्या वेळी 500 आणि पुढच्या प्रत्येक वेळी 1500 रुपये. वाकडातिकडा फॉन्ट बहुधा यातच येतो. पण कलम 39 सांगतं की गाडी नोंदवलेली हवी आणि नोंदणी क्रमांक ठरल्या पद्धतीनं दिसायलाही हवा. पाटीच नसेल तर या कलमाचा भंग धरून 192 लावता येतं. त्यात पहिल्या वेळी 2000 ते 5000, पुन्हा घडलं तर 5000 ते 10000 रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंतची कैद, किंवा दोन्ही. खोटा नंबर लावला तर फसवणुकीचा फौजदारी गुन्हा वेगळा.

चुलत्यांची 'दादा' पाटी अजून गोठ्याच्या भिंतीला टांगलेली आहे. गाडीवर नवी बसली त्या दिवशी त्यांनी मागच्या पाटीचा दहा अंकी क्रमांक आरसीच्या पाकिटावर पेनानं लिहून ठेवला.