फॉलोअर्स घटले, पण गेलं कोण?

प्रश्न : मी पुण्यातून सह्याद्रीतले ट्रेक नेतो आणि इन्स्टाग्रामवर त्याचं पेज चालवतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला मी एक पोस्ट टाकली. यापुढे या पेजवर कुठल्याही धबधब्याचं लोकेशन मिळणार नाही, देवकुंडसारख्या ठिकाणी शनिवार-रविवारी होणारी झुंबड थांबायला हवी, असं त्यात लिहिलं. चार दिवसांत फॉलोअर्स २२,३०० वरून २१,६७० वर आले. काही मित्र म्हणतात, ‘कचरा गेला, बरं झालं.’ घरचे म्हणतात, ‘धंद्यावर धोंडा मारून घेतलास.’ आता तीन आठवडे झाले आहेत. यातलं खरं काय, हे कसं ठरवायचं?
— एक ट्रेक-आयोजक, पुणे

उत्तर : तुम्ही मागाहून पाठवलेले स्क्रीनशॉट आणि बुकिंगची वही पाहिली. मित्र आणि घरचे दोघंही एकाच आकड्यावरून बोलत आहेत, आणि नेमका तोच आकडा इथे सगळ्यात कमी सांगतो. किती गेले यापेक्षा कोण गेले आणि जे राहिले ते आता काय करताहेत, यावर निकाल लागतो.

आधी एक शंका दूर करू. फॉलोअर्स घटले म्हणजे माणसं रागावून गेली, असं दर वेळी नसतं. डिसेंबर २०१४ मध्ये इन्स्टाग्रामने बनावट खाती साफ केली, तेव्हा कंपनीच्या स्वतःच्याच खात्याचे सुमारे १ कोटी ८९ लाख फॉलोअर्स एका झटक्यात कमी झाले. ऑक्टोबर २०२२ मध्ये फेसबुकवर मार्क झुकरबर्ग यांचे ११ कोटींहून जास्त फॉलोअर्स काही काळ दिसेनासे झाले होते. तो तांत्रिक बिघाड होता, त्यांच्या मताशी त्याचा संबंध नव्हता. इन्साइट्समध्ये ‘अनफॉलो’चा जो आकडा दिसतो, त्यात तुम्हाला सोडून गेलेले आणि इन्स्टाग्रामच सोडून गेलेले असे दोघंही एकत्र मोजलेले असतात. त्यामुळे अशी गळती दिसली की तुमच्याएवढ्याच आकाराच्या दोन-तीन ट्रेकिंग पेजवाल्यांना विचारायचं, त्याच दिवशी तुमचेही घटले का? साफसफाई असेल तर ती सगळ्यांकडे एकदम दिसते.

तुमच्या बाबतीत तसं नाही. पोस्टआधीच्या महिन्यात रोज सरासरी १४ जण जात होते आणि २० येत होते. पोस्टनंतर पहिल्या दिवशी ४१० गेले, दुसऱ्या दिवशी २३०, तिसऱ्या दिवशी ९५ आणि चौथ्या दिवशी ४५. पोस्ट जसजशी लोकांपर्यंत पोहोचली तसतसे लोक गेले, आणि तिचा जोर ओसरला तशी गळतीही ओसरली. म्हणजे कारण पोस्टच आहे. चार दिवसांत एकूण ७८० गेले, पण त्यातले पंचावन्न-छप्पन्न एरवीही गेलेच असते. पोस्टमुळे गेलेले सव्वासातशे, म्हणजे एकूण फॉलोअर्सच्या तीन टक्क्यांहून थोडे जास्त.

आठव्या दिवशी रोज जाणाऱ्यांचा आकडा १६ वर आला आणि तिथेच आसपास राहिला. ही चांगली खूण आहे. एका मतामुळे झालेली गळती एकदम वर जाते आणि आठवडाभरात जुन्या पातळीवर बसते. रोजचा आकडा १४ वरून ३०-३५ वर जाऊन तिथेच चिकटून राहिला असता आणि तिसऱ्या आठवड्यातही उतरला नसता, तर मी काळजी केली असती. एखादं मत पटलं नाही म्हणून लोक अशा चिवटपणे महिनाभर जात राहत नाहीत. पेजवरचा विश्वासच गेला की असं होतं.

आता मूळ प्रश्न, गेलं कोण? नावं इन्स्टाग्राम सांगत नाही. ‘कोणी अनफॉलो केलं ते दाखवतो’ म्हणणारी बाहेरची अ‍ॅप्स तुमचा पासवर्ड मागतात. त्यांना तो कधीही देऊ नका, खातं हातचं जाऊ शकतं. सरळ मार्ग असा, की अकाउंट्स सेंटरमधून स्वतःची माहिती डाउनलोड करायची. त्यात followers_ ने सुरू होणाऱ्या फाइलमध्ये फॉलोअर्सची यादी मिळते. पोस्टआधीची यादी आणि नंतरची यादी शेजारी ठेवली की फरक समोर येतो. तुमच्याकडे आधीची यादी नाही, त्यामुळे या वेळी तो रस्ता बंद आहे. आजची यादी मात्र उतरवून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

तरीही तुमच्याकडे त्याहून चांगली एक गोष्ट होती : गेल्या दोन वर्षांच्या बॅचेसची नोंदणी. पैसे भरून तुमच्याबरोबर डोंगरात आलेली आणि पेज फॉलो करणारी १४० माणसं त्यात सापडली. मी सांगितल्याप्रमाणे तुम्ही फॉलोअर्सच्या यादीत एकेकाचं नाव शोधलंत. त्यातला एकच गेला आहे. सगळीकडून सारखीच गळती झाली असती, तर या १४० मधले चार-पाच जायला हवे होते. आकडा लहान आहे, एवढ्यावर शपथ घेता येणार नाही, पण दिशा कळते. पेजवरची शहरं किंवा वयोगट यांचे तक्ते इथे कामाचे नाहीत. तीन टक्के माणसं गेल्याने ते तक्ते हलतच नाहीत.

मग गेले ते बहुतेक कोण असावेत? तुमच्याच इतिहासात त्याचं उत्तर आहे. मागच्या जुलैत धबधब्याचं तुमचं एक रिल तुफान चाललं आणि पंधरा दिवसांत सहा हजार फॉलोअर्स आले. त्यांना लोकेशन हवं होतं. लोकेशन देणार नाही असं तुम्ही जाहीर केलंत, तेव्हा त्यांच्या लेखी पेजचं काम संपलं. माझा हा अंदाजच आहे, पण पुढच्या तपासणीशी तो जुळतो.

ती तपासणी म्हणजे राहिलेल्यांची. रागावलेली माणसं सगळीच अनफॉलो करत नाहीत. बरीच जण ‘म्यूट’ करतात किंवा बघून पुढे सरकतात, आणि ते फॉलोअर्सच्या आकड्यात कधीच दिसत नाही. म्हणून मतप्रदर्शनाची पोस्ट बाजूला ठेवायची. भांडणामुळे तिचे आकडे फुगलेले असतात. त्यानंतरच्या साध्या पोस्ट घ्यायच्या आणि त्या किती फॉलोअर्सपर्यंत पोहोचल्या ते पाहायचं. किल्ल्यांच्या माहितीच्या तुमच्या कॅरोसेल पोस्ट आधी सरासरी ५,२०० फॉलोअर्सपर्यंत जायच्या. गेल्या तीन आठवड्यांतल्या तशाच पाच पोस्टची सरासरी ५,१५० आहे आणि सेव्ह करणारेही तेवढेच आहेत. सव्वासातशे माणसं गेली आणि पोहोच जवळपास तिथेच राहिली. याचा अर्थ, गेलेल्यांतले बहुतेक जण तुमच्या या पोस्ट आधीही बघत नव्हते. हाच आकडा ५,२०० वरून चार हजारांवर आला असता, तर मी उलटा निकाल दिला असता. कारण तीन टक्के फॉलोअर्स जाऊन पोहोच वीस-पंचवीस टक्के पडते, तेव्हा आत राहिलेल्यांनीही पाठ फिरवलेली असते.

इथे एका फसव्या आकड्यापासून सांभाळा. ‘एंगेजमेंट रेट वाढला, म्हणजे छान झालं’ असं तुमच्या मित्रांनी सांगितलं आहे. फॉलोअर्स कमी झाले की लाइक्स तेवढेच राहूनही टक्का आपोआप वर जातो. २२,३०० मध्ये ४४६ लाइक्स म्हणजे दोन टक्के. तेच ४४६ लाइक्स २१,६७० मध्ये दोन टक्क्यांपेक्षा जास्त होतात. प्रत्यक्षात एकही माणूस वाढलेला नसतो. म्हणून टक्के न पाहता नुसते आकडे पाहा.

आलेल्यांकडेही जरा बघा. त्या चार दिवसांत १५० नवे फॉलोअर्स आले, एरवीच्या जवळपास दुप्पट. घरातलं कोणी त्यांच्याविषयी बोलत नाही, पण मला गळतीपेक्षा या भरतीचा धोका जास्त वाटतो. यातले काही जण डोंगराच्या प्रेमापोटी आले असतील. काही जण मात्र गर्दीला कोणीतरी झोडपलं म्हणून खूश होऊन आले. त्यांना राजमाचीची वाट किंवा कळसूबाईची बॅच यात रस नाही, त्यांना पुढचं झोडपणं हवं आहे. अशा पोस्टला लाइक्स भरपूर मिळतात आणि लिहिणारा नकळत तिकडे ओढला जातो. सहा महिन्यांत ट्रेकचं पेज भांडणाचं पेज झालेलं मी पाहिलं आहे, आणि तेव्हा फॉलोअर्सचा आलेख सतत चढताच होता.

आता बुकिंग. पावसाळ्यात चौकशा वाढतातच, म्हणून मागच्या महिन्याशी तुलना करू नका. गेल्या वर्षी याच तीन आठवड्यांत ३१ चौकशा आल्या होत्या, यंदा २९ आल्या. यात नुकसान दिसत नाही. एक गोष्ट मात्र मला खटकली. एका कंपनीचा १८ जणांचा गट ठरलेल्या बॅचमधून मागे फिरला. तुम्ही तो ‘योगायोग’ म्हणून सोडून दिलात. त्यांचा मेसेज मी पुन्हा वाचला. लोकेशन न देण्याबद्दल त्यात एक शब्दही नाही. त्यांना लागलं ते तुमच्या तिसऱ्या स्लाइडवरचं वाक्य : ‘पुण्या-मुंबईच्या टोळ्या डोंगरात घाण करायला येतात.’ मग कॉमेंट्स पाहिल्या. विरोधात लिहिणाऱ्यांतले निम्म्याहून जास्त याच एका वाक्यावर बोलले आहेत, आणि त्यात तुमची बाजू मान्य असलेलेही आहेत. तुमच्या बॅचमध्ये येणारी माणसं पुण्या-मुंबईचीच आहेत. तुम्ही गर्दीबद्दल बोलत होतात आणि त्यांनी ते स्वतःबद्दल ऐकलं.

मत न पटल्याने जाणारा माणूस आणि अपमान वाटून जाणारा माणूस आकड्यात सारखेच दिसतात. पहिला तुमचा नव्हताच. दुसरा तुमचा असू शकतो. दोघांना वेगळं करायचं तर कॉमेंट्स आणि डीएम वाचायला हवेत, दुसरा उपाय नाही.

म्हणून माझा निकाल असा : तुमची गळती निरोगी आहे, ते एक वाक्य मात्र घातक आहे. पोस्ट डिलीट करू नका. गेलेले त्याने परत येणार नाहीत आणि भूमिका मात्र डळमळीत दिसेल. कॅरोसेलमधली एकच स्लाइड काढता येते, तिसरी काढा आणि का काढली ते कॉमेंटमध्ये लिहा. त्या कंपनीला मेसेज न करता फोन करा. पुढचे दोन आठवडे नवं मत मांडू नका, नाहीतर कोणत्या पोस्टमुळे काय झालं हे कळणार नाही. ऑगस्टच्या बॅचेस संपल्या की फॉलोअर्सपर्यंतची पोहोच आणि बुकिंग हे दोन आकडे पुन्हा काढा आणि मला कळवा.