शेवटचे अकरा गुण

मी कराडमध्ये घरी गणिताच्या शिकवण्या घेते. दरवर्षी डिसेंबरात दहावीच्या प्रत्येक मुलाच्या घरी मी एक पत्र पाठवते. फोनवर बोललं की पालकांना फक्त आकडा ऐकू येतो, बाकीचं राहून जातं. कागदावर लिहिलेलं मात्र रात्री जेवण झाल्यावर पुन्हा वाचता येतं. त्यातलं हे एक पत्र, त्या घरच्यांच्या संमतीने आणि नावं काढून देते आहे. दहावीत मूल असलेल्या बऱ्याच घरांत सध्या हाच विषय चालू असेल.

सप्रेम नमस्कार, दादा आणि वहिनी,

गेल्या रविवारी तुम्ही विचारलंत, “बाई, नव्वदच्या पुढे जाईल ना?” मी तेव्हा चहा प्यायला लागले आणि उत्तर टाळलं. ते आज देते.

जूनमध्ये पहिली चाचणी घेतली तेव्हा तिला बीजगणितात ४० पैकी १४ आणि भूमितीत ९ गुण होते. मागच्या आठवड्यात बोर्डाच्या नमुन्याप्रमाणे दोन्ही पेपर दोन-दोन तासांत, घड्याळ लावून सोडवून घेतले. बीजगणितात २७ आणि भूमितीत १७ आले. ८० पैकी २३ वरून ४४. सहा महिन्यांत ही वाढ चांगली आहे आणि ती तिने स्वतः केली आहे. शाळेकडचे २० पैकी १७ गुण मिळतील असं धरलं तर आज ती ६१ वर उभी आहे.

पण या ६१ मध्ये काय दडलंय ते पाहायला हवं. दहावीच्या गणिताचा प्रत्येक पेपर ४० गुणांचा. त्यातले पहिले तीन प्रश्न मिळून २९ गुणांचे असतात. पर्याय निवडा, कृती पूर्ण करा, दोन गुणांची उदाहरणं, तीन गुणांची उदाहरणं, असं ते असतं. पुस्तक नीट सोडवलेल्या मुलाला यात अनोळखी फारसं काही भेटत नाही. चौथा प्रश्न ८ गुणांचा आणि पाचवा ३ गुणांचा. हे ११ गुण वेगळे आहेत. तिथलं उदाहरण पुस्तकातल्यासारखं दिसत नाही. कुठलं सूत्र लावायचं ते कोणी सांगत नाही, ते आपण शोधायचं असतं.

तुमच्या लेकीला बीजगणितात २९ पैकी २२ मिळाले आणि ११ पैकी ५. भूमितीत २९ पैकी १६ आणि ११ पैकी १. तो एक गुणही आकृती काढली म्हणून दिला आहे. पहिल्या २९ वरून तिचा बोर्डाचा निकाल कळतो. शेवटच्या ११ वरून अकरावी सायन्सचं गणित तिला कसं जाईल ते कळतं. तुम्ही या दोन्ही गोष्टी एकाच टक्क्यात बघताय, म्हणून आपलं बोलणं जुळत नाही.

आधी २९ चं सांगते, कारण तिथे अजून बरंच हाती लागण्यासारखं आहे. बीजगणितात तिचे सात गुण गेले. त्यातले तीन वेळ न पुरल्याने आणि चार निव्वळ चिन्हामुळे. 3x − 4y = 10 आणि 4x + 3y = 5 हे उदाहरण क्रेमरच्या पद्धतीने सोडवायचं होतं. निश्चयक काढताना (3 × 3) − (−4 × 4) म्हणजे 9 + 16 = 25 यायला हवं. तिने 9 − 16 = −7 लिहिलं. पुढचं Dx तिने बरोबर, 50 काढलं, आणि x = −50/7 असं विचित्र उत्तर आल्यावरही ती थांबली नाही. आता तिला दोन सवयी लावते आहे. ऋण संख्येला गुणण्याआधी कंस घालायचा, आणि आलेलं उत्तर मूळ समीकरणात घालून बघायचं. x = 2, y = −1 घातलं की 6 + 4 = 10 लगेच जुळतं. याला अर्धं मिनिटही लागत नाही.

भूमितीतलं दुखणं यापेक्षा खोल आहे. प्रमेयं तिला तोंडपाठ आहेत. तुम्ही रात्री ऐकता तेव्हा ती घडाघडा म्हणते, त्यामुळे तुम्हाला वाटतं की झालं. आता हे बघा. त्रिकोण ABC मध्ये DE ही रेषा BC ला समांतर आहे. AD = 4, DB = 6, EC = 9, तर AE किती? तिने लिहिलं AD/AB = AE/EC, म्हणजे 4/10 = AE/9, आणि उत्तर काढलं 3.6. डावीकडे तिने तुकड्याचं संपूर्ण बाजूशी गुणोत्तर घेतलं आणि उजवीकडे तुकड्याचं तुकड्याशी. प्रमाणाचं मूलभूत प्रमेय आणि समरूप त्रिकोण या दोन गोष्टी तिच्या डोक्यात एकमेकींत मिसळल्या आहेत. तुकड्याला तुकडा घेतला तर 4/6 = AE/9, आणि AE = 6. संपूर्ण बाजू घेतली तरी AC = 15 आणि 6/15 = 4/10, म्हणजे तेच. ही एक गल्लत तिला एका पेपरात तीन ठिकाणी नडली आणि नऊ गुण घेऊन गेली.

त्यामुळे महिनाभर तिचं प्रमेय पाठ करणं मी बंद केलंय. त्याऐवजी ती आकृतीतला लहान त्रिकोण बाजूला वेगळा काढते, मोठा त्याच्या शेजारी काढते, आणि कुठला बिंदू कुठल्या बिंदूशी जुळतो ते बाणांनी दाखवते. तुम्हाला ती चित्रं काढत बसलेली दिसेल. रागावू नका, तोच अभ्यास आहे.

भूमितीत गेलेले आणखी चार गुण रचनांचे. त्याचं कारण मी तिचा कंपास हातात घेतला तेव्हा समजलं. त्याचा स्क्रू इतका ढिला झालाय की कंस काढता काढता त्रिज्या बदलते. नवा कंपास आणि टोकदार पेन्सिल या आठवड्यात आणून द्या. चार गुण याहून स्वस्तात मिळत नाहीत.

हे सगळं जमलं तर फेब्रुवारीअखेर परीक्षेपर्यंत बीजगणितातले २२ चे २७ आणि भूमितीतले १६ चे २४ होऊ शकतात. शेवटच्या प्रश्नांतले पाच आणि दोन धरा, शाळेचे १७ धरा. बेरीज ७५ येते. माझ्या मते गणिताचा प्रामाणिक आकडा हाच. आणि बोर्ड सहापैकी चांगल्या पाच विषयांवर टक्के काढतं, तेव्हा गणितातल्या ७५ मुळे तिचा एकूण निकाल कोसळत नाही. मावसभावाला ९६ टक्के पडले होते हे तिला रोज ऐकवू नका, एवढी विनंती.

आता पुढचं. दादा, तुम्ही अकरावी-बारावीच्या इंटिग्रेटेड क्लासची जागा आत्ताच पैसे भरून धरायची म्हणताय. निदान जानेवारीतली पूर्वपरीक्षा होईपर्यंत भरू नका. इंजिनीअरिंगच्या सीईटीत २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे असतात. ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे. म्हणजे आपले ते शेवटचे ११ गुणच तिथे सतत समोर येतात, आणि तेही दोन मिनिटांहून कमी वेळात. आज ती अशा प्रश्नांत २२ पैकी ६ वर आहे. क्लास महागडा असला तरी त्याला ही फट आपोआप बुजवता येत नाही. तिथे वर्गात शंभर मुलं असतील तर ती मागच्या बाकावर गप्प बसेल. माझ्याकडे आठ जणांतही तिला शंका विचारायला तीन महिने लागले.

दुसरी वाट तुम्हाला आवडत नाही, तरी लिहिते. दहावीनंतर तंत्रनिकेतनातला तीन वर्षांचा डिप्लोमा. शासकीय तंत्रनिकेतन आपल्या गावातच आहे. डिप्लोमानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, तो डिप्लोमाच्या गुणांवर, त्यासाठी सीईटी द्यावी लागत नाही. म्हणजे इंजिनीअर होण्याचं दार बंद होत नाही, आणि दहावीपासून मोजलं तर दोन्ही वाटांनी पदवीला सहाच वर्षं लागतात. मात्र यात गणितापासून सुटका नाही, हेही सांगायला हवं. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी गणित आहेच, आणि थेट दुसऱ्या वर्षात गेलेल्या मुलांना तिथलं गणित सुरुवातीला जड जातं, कारण बारावीवाल्यांचा सराव त्यांच्यामागे नसतो. शिवाय दोन वर्षांनी मन बदललं तर बारावीचं प्रमाणपत्र हाती नसतं. या गोष्टी समजून घेऊनच ही वाट धरावी.

तिच्या बाबतीत ही वाट मला का दिसते? विज्ञानातला ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा धडा शाळेत सुरू झाला, तेव्हा ती माझ्याकडे गणिताची वही विसरून आली आणि तुमच्या दुकानातल्या जळालेल्या मोटारीची कॉइल मात्र घेऊन आली. किती वेढे, कुठल्या जाडीची तार, कुठे शॉर्ट झाली, हे तिने बाकीच्या सात जणांना समजावलं. त्या दिवशी तिने सांगितलेल्या एकाही आकड्यात चूक नव्हती. दादा, माझ्यासारखे तिचे हात काळे होऊ नयेत असं तुम्ही म्हणालात, ते मला समजतं. पण ही मुलगी तुमच्या रिवाइंडिंगच्या टेबलाशी बसून आकड्यांना घाबरत नाही, आणि माझ्या टेबलाशी बसून घाबरते. इलेक्ट्रिकल डिप्लोमाचा विचार करताना ही गोष्ट सोडून देऊ नका.

मी आत्ता निर्णय देत नाही. पूर्वपरीक्षेचे दोन्ही पेपर शाळेतून मिळाले की माझ्याकडे आणा. एकूण गुण किती ते मी नंतर बघेन, आधी चौथा आणि पाचवा प्रश्न बघेन. दोन्ही पेपर मिळून त्या २२ पैकी १० च्या वर गेली असेल, किंवा उत्तर चुकलं तरी स्वतःहून आकृती काढून दोन पावलं पुढे गेली असेल, तर अकरावी सायन्स खुशाल घ्या, मी मे महिन्यात तिचा पाया पक्का करून देईन. ते प्रश्न पुन्हा कोरे असतील, तर डिप्लोमाचा अर्ज आधी भरा आणि अकरावीचा अर्ज सोबत ठेवा. दोन्हींची प्रक्रिया वेगळी आहे, एक भरला म्हणून दुसरा अडत नाही. अधिवासाचा दाखला आणि तुम्हाला लागतील ते बाकीचे दाखले आत्ताच काढायला टाका, निकालानंतर सेतू केंद्रात उभं राहायला जागा नसते.

वहिनी, तुमच्यासाठी एकच काम. रोज “आज किती मिळाले” असं विचारू नका. आठवड्यातून एकदा, रविवारी, तिला तिच्या चुकांच्या वहीतली एक चूक तुम्हाला समजावून सांगायला सांगा. तुम्हाला गणित येत नाही असं तुम्ही म्हणता, ते इथे चांगलंच आहे. तुम्हाला समजेपर्यंत तिला सांगावं लागेल.

या शनिवारी संध्याकाळी सहाला तुम्ही दोघंही या, आणि तिलाही घेऊन या. हे पत्र आधी तिला वाचायला द्या.

आपली,
गणिताच्या बाई