एक क्लायंट किती रुपयांची?

नाशिकमध्ये माझं लेडीज सलून आहे. चार खुर्च्या, एक फेशियलची खोली आणि पाच मुली. जवळच दोन मोठी सलून्स सुरू झाली, तेव्हा नव्या क्लायंट आणण्यासाठी जाहिरात करायचं आम्ही ठरवलं. जाहिरातीचं काम बघणाऱ्या सल्लागाराने कागदावर हिशेब मांडला : तुमचं सरासरी बिल ८०० रुपये, बाई महिन्यातून एकदा येते, आणि तुमच्या जुन्या क्लायंट पाच-पाच वर्षं येताहेत. म्हणजे ८०० गुणिले ६०. एक क्लायंट ४८,००० रुपयांची! मग ती मिळवायला ४०० रुपये खर्च झाले तर काय बिघडलं?

असा हिशेब सलूनवाल्यांपुढे नेहमी मांडला जातो, म्हणून तो नीट उकलून दाखवते. त्यातले तिन्ही आकडे फसवे आहेत.

पहिला आकडा बिलाचा. ८०० रुपये गल्ल्यात येतात, पण उरत नाहीत. वॅक्स, क्रीम, कलर असा माल साधारण १२० रुपयांचा लागतो. काम करणाऱ्या मुलीचा इन्सेंटिव्ह ८० रुपये. टॉवेल धुणं, डिस्पोजेबल, चहा असे ४० धरा. उरले ५६०. यातून भाडं आणि पगार वजा केलेले नाहीत, कारण एक बाई जास्त आली म्हणून ते वाढत नाहीत. पण ते याच ५६० मधून भागवायचे असतात, हे पुढे लक्षात ठेवायचं आहे. सरासरी काढताना नवरीच्या मेकअपची बिलं वेगळी ठेवा. १५,००० चं एक बिल शंभर आयब्रोंची सरासरी फुगवतं, आणि ती नवरी दर महिन्याला नवरी होत नाही.

दुसरा आणि तिसरा आकडा, महिन्याला एक फेरी आणि पाच वर्षं, हे जास्त घातक आहेत. ते कुठून आले? सलूनमध्ये आज दिसणाऱ्या बायकांकडून. पण दिसतात त्या टिकलेल्या! एकदा येऊन परत न फिरकलेल्या खुर्चीत बसलेल्या नसतात, म्हणून त्या सरासरीतही नसतात. नव्या बाईची किंमत काढताना टिकलेल्या आणि न टिकलेल्या दोघींना धरावं लागतं, आणि ते फक्त अपॉइंटमेंटच्या वहीतून कळतं.

आम्ही एका डील कंपनीमार्फत अर्ध्या किमतीचं कुपन काढलं आणि त्याच्या जाहिरातीवर वेगळे ४०,००० रुपये घातले. १३० कुपनं वापरली गेली. सलून भरून वाहत होतं आणि सगळ्या खूश होत्या. वर्षभराने वही उघडली तेव्हा खरं चित्र दिसलं.

कुपनवरचे फोन नंबर जुन्या नोंदींशी ताडले, तर ३० जणी आमच्याच नेहमीच्या निघाल्या. कुपनमधून १,००० चं काम ५०० ला जायचं, कंपनीचे १०० कापून आमच्या हाती ४००. माल १५०, इन्सेंटिव्ह पूर्ण किमतीवर १०० (मुलींनी काम तर पूर्ण केलेलं असतं, तो कापणं अन्याय आहे), इतर ४०. उरले ११०. एरवी ज्या ५६० देऊन गेल्या असत्या, त्या ३० जणींकडून ११० च मिळाले. दरडोई ४५० चा तोटा, म्हणजे १३,५००.

उरलेल्या १०० खऱ्या नव्या. त्यातल्या फक्त १८ पूर्ण दराने दुसऱ्यांदा आल्या, आणि त्यांच्या मिळून वर्षात ६० फेऱ्या झाल्या. कुपनचे ११,००० आणि या फेऱ्यांचे ३३,६००, एकूण ४४,६००. त्यातून नेहमीच्या बायकांवरचे १३,५०० वजा केले की राहिले ३१,१००. म्हणजे नव्या क्लायंटमागे ३११ रुपये. ती आणायला जाहिरातीचे ४००. कागदावर ४८,००० ची असलेली बाई पहिल्या वर्षी ८९ रुपयांनी तोट्यात गेली. शिवाय कुपनवाल्या बहुतेक शनिवार-रविवारी यायच्या, आणि त्याच दिवशी आमच्या जुन्या बायकांना वेळ मिळेना. खुर्ची भरलेली असताना आलेली नवी बाई कोणाची तरी जागा घेते, आणि हा तोटा वहीत कुठेच लिहिला जात नाही.

त्याच काळात ओळखीतून आलेल्या ४० जणी होत्या : कोणाची जाऊ, कोणाची शेजारीण, कोणाची बँकेतली मैत्रीण. त्यातल्या २६ दुसऱ्यांदा आल्या आणि सगळ्यांच्या मिळून वर्षात २०० फेऱ्या झाल्या. एकीमागे ५६० च्या पाच फेऱ्या, म्हणजे २,८००. एकाच सलूनमध्ये, त्याच मुलींच्या हातून, फक्त येण्याची वाट वेगळी म्हणून नऊपट फरक! म्हणून सगळ्यांची मिळून एकच किंमत कधी काढू नका. वाटेप्रमाणे वेगळी काढा.

२,८०० आले म्हणजे तेवढे खर्च करता येतात असं नाही. भाडं आणि पगार त्यातूनच जायचे आहेत. मी वर्षाच्या किमतीच्या एक तृतीयांशाहून जास्त खर्च करत नाही, इथे साधारण ९००. तोही दोन-तीन फेऱ्यांत वसूल झाला पाहिजे, कारण भाडं दर महिन्याला द्यावं लागतं, ते वर्षअखेरीपर्यंत थांबत नाही. आणि वर्षाच्या पुढचं मी धरतच नाही. बाई घर बदलते, तिची बदली होते, आणि आमच्या धंद्यात तर ती बऱ्याचदा सलूनची नसून एखाद्या मुलीच्या हाताची असते. ती मुलगी गेली की तिच्यामागे क्लायंट जातात. म्हणून नावापुढे काम कोणी केलं हेही लिहा. चांगल्या मुलीला टिकवायला दिलेली पगारवाढ कधी कधी जाहिरातीपेक्षा स्वस्त पडते.

आता आम्ही मैत्रिणीला घेऊन येणाऱ्या बाईला हेअर स्पा देतो, मंगळवार ते गुरुवारच. त्याचा दर ६००, पण माल आणि इन्सेंटिव्ह मिळून आम्हाला सुमारे २०० ला पडतो, आणि त्या दिवशी खुर्ची रिकामीच असते.

तुम्हाला हा हिशेब करायचा असेल तर वहीत प्रत्येक नवीन नावापुढे तारीख, फोन नंबर, बिल आणि काम करणाऱ्या मुलीचं नाव लिहा, आणि 'आमच्याबद्दल कोणी सांगितलं?' याचं उत्तरही लिहा. हे पहिल्याच दिवशी विचारा, नंतर कोणाच्या लक्षात राहत नाही. मग वर्षापूर्वी नव्याने आलेल्या सगळ्या घ्या, फक्त दिवाळी किंवा लग्नसराईतल्या नकोत, कारण त्या दिवसांत वर्षातून एकदाच येणाऱ्या बायकाही असतात. थ्रेडिंगवाली तीन-चार आठवड्यांनी येते, फक्त केस कापणारी दोन-तीन महिन्यांनी. तिच्या नेहमीच्या अंतराच्या दुप्पट काळ गेला आणि ती आली नाही, तर ती गेली असं समजा आणि एक फोन करा.

एखाद्या वाटेने तीसहून कमी जणी आल्या असतील, तर त्यांच्यावरून काढलेल्या आकड्यावर विसंबू नका. चार जणी इकडच्या तिकडे झाल्या तरी तो बदलतो. तोवर त्या वाटेवरची जाहिरात छोटीच ठेवा, आणि वही भरत राहा.