हुंडा की भेट? (वर्गचर्चेसाठी)

मुलांनो, ‘आम्ही काही मागितलं नाही, त्यांनी हौसेनं दिलं,’ असं लग्नघरी हमखास ऐकू येतं. मग हा हुंडा की भेट?

१९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने हुंडा देणं आणि घेणं, दोन्ही गुन्हा आहे. मागणी नसताना, रीतीप्रमाणे आणि ऐपतीत दिलेली भेट चालते. मात्र तिची लेखी यादी हवी.

समजा, बोलणी चालू असताना मुलाकडचे म्हणाले, ‘पोराला नोकरीला लांब जावं लागतं हो!’ मुलीच्या वडिलांनी कर्ज काढून मोटारसायकल दिली.

चर्चा करा :
१. इथे मागणी झाली का?
२. कर्ज काढून दिलेली वस्तू ऐपतीतली म्हणायची का?
३. गाडी दिली नसती, तर लग्न ठरलं असतं का?

तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर तो हुंडाच.