उन्हात जुळली, ट्यूबखाली फसली

प्रश्न : खरेदीदाराचा ईमेल आला : ‘मंजूर नमुन्यापेक्षा शेड लालसर, लॉट नामंजूर.’ उन्हात तर सूत तंतोतंत जुळतं! – एक डाइंगवाले, इचलकरंजी

उत्तर : दोघंही बरोबर असू शकतात.

नमुना रंगांच्या एका मेळातून आणि लॉट दुसऱ्यातून रंगवला असेल, तर उन्हात जुळणारी शेड दुकानातल्या ट्यूबखाली वेगळी दिसते. हाच मेटामेरिझम. खरेदीदाराने कोणत्या प्रकाशात पाहिलं, हे आधी विचारावं. मग लाइट बॉक्समध्ये नमुना आणि सूत शेजारी ठेवून आधी D65, नंतर TL84 लावावा. सूत ड्रायरमधून काढल्या काढल्या बघू नये. गरम, कोरडं सूत शेड चुकवतं.

TL84 खालीच लाली उमटली, तर वरून रंग चढवून भागणं कठीण. रंग उतरवून नमुन्याच्याच मेळात पुन्हा रंगवणं, हाच खात्रीचा मार्ग. त्यात सुताची ताकद थोडी घटते, हे खरेदीदाराला आधीच कळवावं.