जाहिरातीची भाषा

ताईचे यजमान नोकरीसाठी वऱ्हाडातून पुण्याला आले. त्यांना भाड्याचे घर हवे होते. वर्तमानपत्रात त्यांनी जाहिरात वाचली :

‘१ बीएचके. कार्पेट ४०० चौ. फू. भाडे १०,००० निगो. डिपॉ. ३०,०००.’

“अक्षरं वाचता येतात, पण अर्थ नाई समजत,” भाऊजी म्हणाले.

मेहुण्याने सांगितले, “बी म्हणजे बेडरूम, निजायची खोली. एच म्हणजे हॉल, बैठकीची खोली. के म्हणजे किचन, सैपाकघर. आकडा फक्त निजायच्या खोल्यांचा असतो. म्हणून २ बीएचके म्हणजे दोनच खोल्या नव्हेत. बैठक आन् सैपाकघर वेगळं.

“कार्पेट म्हणजे भिंतींच्या आतली जागा. ‘चौ. फू.’ म्हणजे चौरस फूट.

“निगो. म्हणजे निगोशिएबल, बोलून भाव कमी होऊ शकतो. पण हा शब्द भाड्यापुढे आहे. डिपॉझिट म्हणजे अनामत. घर सोडताना ती परत मिळते. थकलेलं भाडं अन् मोडतोड त्यातून कापतात. ती कमी होईल का, हे वेगळं विचारा.”

भाऊजींनी दोन्ही विचारले. भाडे ९,५०० झाले. अनामत ३०,०००च राहिली. म्हणजे सुरुवातीला एकूण ३९,५०० रुपये लागणार. ठरलेले आकडे त्यांनी करारात लिहून घेतले.